वायफायचा पासवर्ड बदलला, पण राऊटरचा?

मालवणात माझ्या मावसभावाचा छोटा होमस्टे आहे. जेवायच्या खोलीत भिंतीवर वायफायचा पासवर्ड लिहून ठेवलाय, पाहुणा आला की आधी तोच विचारतो. परवा खळ्यात बसल्याबसल्या मी मोबाईलच्या ब्राउजरमध्ये राऊटरचा पत्ता 192.168.1.1 टाकला, त्याचं लॉगिनचं पान आलं, दोन्ही रकान्यांत `admin` लिहिलं आणि थेट आत! भाऊ म्हणतो, "अरे पासवर्ड बदललंय मी गेल्या म्हयन्यात." बदलला होता, पण वायफायचा. तो म्हणजे खळ्यात येऊन बसायची परवानगी, आणि राऊटरचा म्हणजे माजघरातल्या कपाटाची चावी, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आत शिरून काय करता येतं? बरंच, पण सगळ्यात वाईट म्हणजे डीएनएस बदलणं. आपण बँकेचं नाव टाईप करतो तेव्हा फोन आधी डीएनएस सर्व्हरला विचारतो की या नावाचा नंबर काय, आणि कुठल्या सर्व्हरला विचारायचं ते बहुतेक वेळा राऊटरच फोनला सांगतो. तो एक आकडा कोणी बदलला की घरातले सगळे फोन चोरालाच पत्ता विचारायला लागतात. बँकेची साईट एचटीटीपीएसवर असते म्हणून ब्राउजर सहसा सर्टिफिकेटची वॉर्निंग देतो, पण घाईत "पुढे जा" दाबलं की संपलं.

आणि फॅक्टरीचा पासवर्ड ओळखायला डोकं लागत नाही, जुन्या मॉडेलच्या सगळ्या डब्यांना तोच असतो, मॅन्युअलमध्येच छापलेला. 2016 मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने युजरनेम-पासवर्डच्या अशा साठेक जोड्यांची यादी वापरून लाखो कॅमेरे नि राऊटर ताब्यात घेतले. गंमत म्हणजे ते फक्त मेमरीत राहायचं, डबा बंद करून चालू केला की जायचं, पण पासवर्ड तोच असेल तर थोड्या वेळात परत हजर! नवीन राऊटरवर वेगळा पासवर्ड स्टिकरवर असतो, ते बरंय, फक्त डबा पाहुण्यांच्या हाताला लागेल असा नको.

भावाकडे मी आधी राऊटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या नेटच्या, आणि डीएचसीपी, म्हणजे घरातल्या फोनना पत्ते वाटायच्या पानांवर डीएनएस बघितला, कारण तो आधीच बदललेला असेल तर नुसता पासवर्ड बदलून तो सुधारत नाही. तिथे अनोळखी आकडा दिसला तर नेटवाल्याला विचारून खात्री करायची. इथे सगळं ठीक होतं. मग मॅनेजमेंटमध्ये जाऊन नवीन पासवर्ड, चार असंबद्ध शब्दांचा लांबलचक. युजरनेम बदलता आलं नाही, काही डब्यांत ते लॉक असतं, चालतं, खरा भार पासवर्डवरच. रिमोट मॅनेजमेंट बंद केलं, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून हे पानच उघडत नाही.

फक्त एक भानगड राहते. पावसात लाईन गेली की केबलवाला येतो, टाचणीने मागचं रिसेटचं बटण दाबून धरतो, आणि admin परत जागेवर. म्हणून भावाला सांगितलंय, तो गेला की त्याच दिवशी 192.168.1.1 उघडून दोन्ही रकान्यांत जुनंच `admin` टाकून बघ, आत गेलास तर परत बदल.