शेवग्याची साल किती काढायची?

"शेंगांची हिरवी साल पूर्ण सोलली नाही तर आमटी कडू होते ना?"

नाही. कडू निघणारी शेंग आतूनच कडू असते. चिरताना गराचा कण जिभेवर ठेवला की कळतं. साल पांढरी होईपर्यंत सोललीत तर तुकडा शिजताना उकलतो, गर आमटीत विरघळतो आणि दोरे घशात येतात. सुरीच्या पाठीने वरवर खरवडा, एवढंच. मग बोटभर तुकडे करताना सुरी आरपार न नेता शेवटी तुकडा मोडून ओढा, शीर आपोआप सुटते.

तुकडे बुडतील इतक्याच पाण्यात मीठ घालून आठ-दहा मिनिटं उकळा. चिमटीत दाबल्यावर तुकडा दबला पण फाटला नाही, की झालं. चिंच किंवा आमसूल त्यानंतरच, आंबटात शेंग लवकर मऊ होत नाही. उकळलेलं पाणी आमटीतच घाला. बिया टणक, फुगीर झालेली जून शेंग मात्र कितीही शिजवा, चरबटच राहते.

खाताना तुकडा बोटांनी उभा उकला, गर खालच्या दातांनी ओरबाडा, कोवळ्या बियाही खा. चोथा ताटाच्या कडेला. पाहुण्यांसमोरसुद्धा, चमच्याने जमत नाही!