अडचण कळवणं वेगळं, सफाई देणं वेगळं

संध्याकाळी साहेबांना पाठवायचा मेसेज चार ओळींचा असावा आणि त्यात आकडे असावेत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो काम अर्धवट राहिलं त्या दिवशी. अडचण कळवायला बसलेला माणूस बघता बघता सफाई द्यायला लागतो, आणि दोन्हींत गोष्टी त्याच असल्यामुळे त्याला ते जाणवतही नाही.

अकाउंट्समधलंच घ्या. महिन्याची १७ तारीख. जीएसटीआर-२बी, म्हणजे सप्लायरनी रिटर्नमध्ये दाखवलेल्या बिलांची यादी, जिच्यावरून आपल्याला कराचं क्रेडिट मिळतं, १४ला पोर्टलवर आलेलं. ३बी, म्हणजे आपलं कर भरायचं रिटर्न, त्याची मुदत २०. खरेदीची २१२ बिलं २बीशी जुळवायची होती. मेसेज असा गेला:

"सर, सकाळपासून त्याच कामावर आहे. पण सप्लायरनी रिटर्नच वेळेत भरलं नाही, दोनदा फोन केले. त्यात दुपारी ऑडिटवाले आले. थोडं राहिलंय, उद्या बघतो."

एक शब्द खोटा नाही. पण साहेबांना कळलं ते इतकंच, की याला बोलणी खायची नाहीत. आता हा बघा:

"२१२ पैकी १८७ बिलं जुळली. ७ बिलांत मी जीएसटी नंबर चुकीचा टाकलाय, उद्या ११ पर्यंत दुरुस्त करतो. १८ बिलं २बीमध्ये नाहीत, सप्लायरनी जीएसटीआर-१ वेळेत भरलेलं नाही. त्यांचं १,४०,००० चं क्रेडिट या महिन्यात मिळणार नाही, तेवढी रक्कम २० च्या आत रोख भरावी लागेल. या सप्लायरची पेमेंट थांबवू का?"

सप्लायरची चूक दोन्हीकडे आहे. पहिल्या मेसेजमध्ये ती ढाल म्हणून पुढे केली आहे, दुसऱ्यात तिच्यामुळे किती पैशांची सोय करावी लागेल ते सांगितलंय. शंका आली की मी ते वाक्य खोडून बघतो. "दोनदा फोन केले" खोडलं तर उद्याच्या कामात काहीच बदलत नाही. १८ बिलांची ओळ खोडली तर २० तारखेला ऐनवेळी धावाधाव होते. ऑडिटवाल्यांचंही तसंच: ते आज आले ही सफाई. उद्याही येणार आहेत, म्हणून दुरुस्ती ११ ऐवजी ४ वाजता होईल, ही अडचण.

स्वतःची चूकही त्याच सुरात सांगावी, जशी ती ७ बिलं. सुरुवातीलाच "सॉरी सर, खरंच सॉरी" लिहिणारे नम्र वाटतात, पण तीसुद्धा सफाईच. साहेबांना आधी "असू दे" म्हणावं लागतं आणि मग आकडा विचारावा लागतो. "नंबर चुकीचा पडलाय" हेही मला खपत नाही. नंबर आपोआप पडत नाही, कुणीतरी टाकतो.

राहता राहिलं "जवळजवळ झालंय". २१२ पैकी १८७ म्हणजे जवळजवळच, पण राहिलेल्या पंचवीसांतच ते १,४०,००० होते.