मिक्सरचा आवाज आणि आईचा चेहरा

सात महिन्यांचं बाळ स्वयंपाकघराच्या दाराशी बसलंय. आईने मिक्सर सुरू केला. बाळ दचकलं, ओठ बाहेर आले आणि भोकाड पसरलं. आई मिक्सर बंद करून वळते, भुवया उंचावते, तोंडाचा 'ओ' करते आणि लांबवलेल्या सुरात म्हणते, "अगंबाई, घाबरलास का रे तू? केवढा मोठ्ठा आवाज झाला!" आणि मग हसते.

या चार-पाच सेकंदांत जे घडतं, त्यावर मानसशास्त्रात बरंच काम झालेलं आहे. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यामागे भावना, इच्छा, समजुती असतात हे ओळखण्याच्या क्षमतेला मेंटलायझिंग म्हणतात. लंडनमधले पीटर फोनागी आणि त्यांचे सहकारी यांनी ही संकल्पना वाढवली. त्यांचं म्हणणं असं, की ही क्षमता बाळ तयार घेऊन येत नाही. बाळाला आतून काहीतरी उसळतंय एवढंच जाणवतं, पण त्याला 'भीती' म्हणतात, ती येते आणि जाते, हे ठाऊक नसतं. ते त्याला आधी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसावं लागतं.

पण आईच्या चेहऱ्यावरची भीती आपली आहे, आईची नाही, हे बाळाला कसं कळतं? हंगेरीचे ग्योर्गी गेर्गेई आणि अमेरिकेचे जॉन वॉटसन यांनी १९९६ मध्ये याचं उत्तर मांडलं. आईच्या प्रतिसादात त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे तो जुळणारा हवा: बाळ घाबरलं असेल तर चेहऱ्यावर भीतीच दिसली पाहिजे, आणि तीही लगेच. दुसरी म्हणजे तो खरा वाटता कामा नये. वरच्या प्रसंगातली आई खरोखर घाबरलेली माणसं दिसतात तशी दिसत नाही. भुवया जरा जास्तच वर आहेत, सूर ताणलेला आहे, शेवटी हसू आहे. या अतिशयोक्तीमुळे बाळाला खूण पटते की ही भावना आईची नाही. मग कोणाची? आपण रडलो की लगेच ती दिसते, म्हणजे आपली. बाळांशी लाडिक, हेल काढून बोलणं हे नुसतं कौतुक नाही, ते असंही उपयोगी पडतं.

यातली एकेक अट मोडली की काय होतं? समजा, आई स्वतःच दचकणारी आहे. बाळ किंचाळताच तिचाही चेहरा पांढराफटक पडतो, "अरे देवा, काय झालं?" म्हणत ती त्याला झडप घालून उचलते. भावना जुळली, पण ती खरीखुरी आहे. बाळाला दिसते ती आईची भीती, आणि स्वतःची भीती त्याने आणखी वाढते. असं सतत झालं तर मनात येतं ते सगळं बाहेर खरंच आहे, असं मुलाला वाटत राहू शकतं.

दुसरी चूक उलटी. आई हसतमुख आहे, सूरही लाडिक आहे, पण ती म्हणते, "लब्बाड! भूक लागली वाटतं माझ्या सोन्याला." इथे खूण आहे, पण मजकूर चुकीचा. हेच वर्षानुवर्षं चाललं तर मुलाकडे भावनांचे शब्द जमतात, पण ते आतल्या जाणिवेला चिकटत नाहीत. मोठेपणी अशी व्यक्ती स्वतःच्या दुःखाबद्दल अस्खलित बोलते, फक्त बोलताना तिला काही वाटत नाही. उपचार करणाऱ्यांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे.

आपल्याकडे मूल पडलं की "बघ, मुंगी मेली!" म्हणायची पद्धत आहे, किंवा जमिनीला चापट मारून "हात रे!" करायची. रडं थांबतं, हे खरं. पण दुखल्याची नोंद कोणीच घेतलेली नसते. "लागलं ना रे गुडघ्याला?" आधी आणि मुंगी नंतर, एवढा क्रम पाळला तरी पुरे.

शब्दांचा हा भाग एलिझाबेथ माइन्स यांनी इंग्लंडमध्ये मोजून पाहिला. सहा महिन्यांच्या बाळाशी खेळणाऱ्या आयांचं चित्रण करून त्यांनी बाळाच्या मनाबद्दलची वाक्यं वेगळी काढली आणि प्रत्येक वाक्य त्या क्षणाला लागू पडतं का, ते तपासलं. बाळ चेंडूकडे टक लावून बघत असताना "तुला तो चेंडू हवाय ना?" हे लागू पडतं. रमून खेळणाऱ्या बाळाला "कंटाळलास ना?" हे पडत नाही. ज्या आया लागू पडणारी वाक्यं जास्त बोलत होत्या, त्यांची मुलं वर्षाची झाल्यावर त्यांच्याशी अधिक सुरक्षित नात्याने बांधलेली दिसली. चौथ्या वर्षी हीच मुलं दुसऱ्याची चुकीची समजूत ओळखण्याच्या चाचण्यांत पुढे होती. माझ्या मते यातली कळीची बाब 'लागू पडणं' ही आहे. मनाबद्दल नुसतं भरभरून बोलण्याने काम होत नाही.

हे आई-वडिलांना कुठून येतं? फोनागी, मिरियम स्टील आणि हॉवर्ड स्टील यांनी लंडनमध्ये १०० गर्भवती स्त्रियांना त्यांच्या स्वतःच्या बालपणाबद्दल विचारलं. उत्तरांत त्या आपल्या आई-वडिलांच्या मनाचा किती विचार करतात, याला गुण दिले. "बाबा तापट होते, मारायचे" हे वर्णन झालं. "कामावरून अपमान गिळून यायचे, तो आमच्यावर निघायचा असं आता वाटतं, तेव्हा मात्र मला माझंच चुकलंय असं वाटायचं" यात दोन मनं आहेत, आणि काळाबरोबर बदललेली समजही. खडतर परिस्थितीतून आलेल्या आयांपैकी ज्यांना असे चांगले गुण होते, त्या दहाही जणींची मुलं पुढे त्यांच्याशी सुरक्षित नात्याने बांधलेली आढळली. कमी गुणांच्या १७ जणींपैकी फक्त एकीचं. संख्या लहान आहे, त्यामुळे हे आकडे ताणू नयेत. पण बालपण वाईट असणं आणि त्याचा विचार करता न येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसतं.

ही क्षमता सगळ्यांचीच अधूनमधून बंद पडते. ताण फार वाढला, झोप झाली नाही, की मेंदू विचार सोडून बचावाच्या पवित्र्यात जातो. ते ओळखायची खूण बोलण्यात सापडते: "हा मुद्दाम रडतो", "मला त्रास द्यायचाच आहे त्याला". आठ महिन्यांच्या बाळाला मुद्दाम त्रास देण्याचा बेत करता येत नाही. असं वाक्य तोंडून निघालं की त्या क्षणी बाळाचं मन शोधायला जाऊ नये. त्याला सुरक्षित ठेवून किंवा आजी, बाबा यांच्याकडे देऊन आधी स्वतः शांत व्हावं, शोध नंतर.

चुकल्याने बिघडत नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांत नेहमीच्या, निरोगी आई-बाळ जोड्यांचेही सूर साधारण ३० टक्के वेळच जुळलेले होते. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळणं यांत जातो. दूध देऊ केलं, बाळाने तोंड फिरवलं, "अच्छा, भूक नाहीये, त्या आवाजाने घाबरलास होय!" ही दुरुस्ती बाळाच्या शिकण्याचाच भाग आहे.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. स्वमग्न मुलांना दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं अनेकदा अवघड जातं, पण त्याचं कारण आईचं वागणं नव्हे. थंड वागणाऱ्या आयांमुळे स्वमग्नता येते, हा विसाव्या शतकाच्या मध्यातला समज साफ चुकीचा ठरला आहे. तिच्या मुळाशी मेंदूच्या जडणघडणीतला फरक असतो आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.