बीप नको, खुळखुळ हवी

माझी भाची सहा वर्षांची आहे. ती अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि डोळ्यांचे पडदे नीट वाढलेच नाहीत. खिडकीतून उजेड येतोय एवढं तिला कळतं, बाकी काही दिसत नाही. तिच्या वाढदिवसाला मी एक चेंडू आणला होता. बटण दाबलं की दोन-दोन सेकंदांनी 'पीप' असा बारीक आवाज करणारा. खोक्यावर ठळक लिहिलं होतं, 'दृष्टिहीन मुलांसाठी'. चेंडू घरंगळत दिवाणापाशी थांबला, पीप वाजत राहिली, आणि पोरगी निघाली ती थेट समोरच्या लोखंडी कपाटाकडे. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. निम्म्याहून अधिक वेळा ती चुकली आणि शेवटी रुसून बसली. ताई म्हणाली, "अरे, हिचे कान एवढे तिखट, मग हे का नाही कळत हिला?"

मी डोळे मिटून स्वतः खाली बसलो. मलाही सापडेना. चूक तिच्या कानांची नव्हती, चेंडूच्या आवाजाची होती.

आवाज कुठून आला हे कान एकटा सांगू शकत नाही, दोन्ही कानांची तुलना करून ते मेंदू ठरवतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तो उजवीकडून आला तर उजव्या कानावर आधी पडतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानाशी थोडा उशिरा पोचतो. हा उशीर जास्तीत जास्त किती? सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम सहा दशांश. आवाज अगदी समोरून जरा बाजूला, एका अंशाने सरकला, तर फरक पडतो सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा. माणसाचा मेंदू हा फरक ओळखतो! मला या गोष्टीचं आजही नवल वाटतं.

पण फरक मोजायला खूण लागते. टाळी वाजली की 'आता सुरू झाला' अशी धारदार कडा दोन्ही कानांना मिळते आणि मेंदू त्या दोन कडा जुळवतो. आपल्या चेंडूतली पीप म्हणजे छोट्या बझरचा एकसुरी आवाज. असे बझर साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास वाजतात, म्हणजे सेकंदाला ३००० लाटा, सगळ्या एकसारख्या. एका लाटेची लांबी होते ११ सेंटीमीटरच्या आसपास, आणि डोक्याला वळसा घालून जायची वाट त्याच्या जवळजवळ दुप्पट. मग डाव्या कानावर आत्ता आलेली लाट उजव्या कानावरच्या कोणत्या लाटेची जोडीदार, हे मेंदूला ठरवता येत नाही. सावकाश उमटणाऱ्या पीपला धारही नसते. राहिला आवाजाच्या जोरातला फरक. डोक्याची सावली पडते म्हणून लांबच्या कानाला आवाज कमी येतो, पण एकाच सुराच्या बाबतीत खोलीतल्या भिंती आणि कपाटाचा पत्रा ती खूणही बिघडवतात. परतलेल्या लाटा मूळ लाटांत मिसळून एका कानाशी आवाज वाढवतात, दुसऱ्याशी पुसतात. पत्र्याकडून आलेला आवाजच खरा वाटू लागतो.

हे नवं नाही. १९३६ साली हार्वर्डमध्ये स्टीव्हन्स आणि न्यूमन यांनी भिंतींचा त्रास नको म्हणून इमारतीच्या गच्चीवर, उंच खुर्चीवर माणूस बसवून त्याच्याभोवती ध्वनिवर्धक फिरवला. एकसुरी आवाजांत सर्वांत जास्त चुका झाल्या त्या याच, २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात. खुसखुस, खरखर अशा आवाजांत मात्र चुका फार कमी. अशा आवाजात बारीक-जाड सगळे सूर एकत्र असतात, त्यामुळे वेळेची खूणही मिळते आणि जोराचीही. शिवाय कानाच्या पाळीच्या वळ्या काही सूर दाबतात, काही उचलतात, त्यावरून आवाज पुढचा की मागचा हेही थोडं उमगतं.

इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. "देव एक इंद्रिय काढून घेतो तेव्हा दुसरं दुप्पट देतो" हे वाक्य त्या वाढदिवसाला तीन पाहुण्यांनी ऐकवलं. जन्मांध माणसं बाजूचे आवाज ओळखण्यात सरस आढळतात हे खरं, पण ते सरावातून येतं. आवाज नेमका किती वर किंवा दोन आवाजांपैकी कोणत्या आवाजाच्या जास्त जवळ, हे ओळखण्याच्या कामांत ती मागेही पडतात, कारण डोळस मूल आवाज ऐकून तिकडे डोळ्यांनी बघतं आणि अंदाज तपासून घेतं, तशी सोय यांना नसते. यांची सोय म्हणजे हात. आवाजाकडे जाऊन वस्तू हाताला लागली, की अंदाज पक्का होतो. म्हणून सतत चुकवणारं खेळणं नुसतं वाया जात नाही, ते चुकीचं शिकवतं. आणि डोळे बांधून वाचायला शिकवणारे 'मिड-ब्रेन'चे वर्ग निव्वळ फसवणूक आहेत. तिथली मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात. अंध मुलाच्या आईबापांनी तिथे एक रुपयाही देऊ नये.

मग आम्ही चेंडू घरी केला. प्लॅस्टिकच्या पोकळ चेंडूला ब्लेडने चीर दिली, आत पाच-सहा घुंगरू टाकले आणि पंक्चरच्या ठिगळाने चीर बंद केली. ठिगळ ओढून पाहिलं, कारण सुटलेला घुंगरू धाकट्या भावाच्या तोंडात जाऊ शकतो. १९२२ मध्ये मेलबर्नला अंध कामगारांनी डब्यात खडे घालून क्रिकेट सुरू केलं, आणि आजच्या अंध क्रिकेटच्या चेंडूतही छर्रेच असतात. चेंडू आम्ही पिवळाधमक निवडला. हिला त्याचा उपयोग नाही, पण थोडी दृष्टी असलेल्या मुलाला गडद सतरंजीवर पिवळा चेंडू दिसतो.

पहिल्या दिवशी पंखा बंद केला. त्याची घरघर बारीक खुणा झाकून टाकते. ताई आणि ती पाय फाकवून समोरासमोर बसल्या, मधे हातभर अंतर. चेंडू आला की पायांच्या कोनात अडकतो, तो हाताला लागतोच. दोन दिवसांनी अंतर वाढवलं, मग ताईने चेंडू मुद्दाम बाजूला सोडायला सुरुवात केली. नियम एकच, आधी बोटाने दिशा दाखवायची, मग जायचं. बोट चुकलं की आपल्याला लगेच कळतं, आणि "इकडे गं, इकडे" असं ओरडून आपण चेंडूचा आवाज झाकत नाही.

घुंगरांच्या चेंडूला एक मर्यादा आहे. थांबला की मुका. ती पोकळी आमच्याकडच्या जुन्या ट्रान्झिस्टरने भरून काढली. दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवला की जी खरखर येते, ती जागा शोधायला फार चांगली. आवाज हळूच ठेवायचा, कानाला लावून बसू द्यायचं नाही. खरखर न थांबता चालते हा तिचा मोठा फायदा. डोकं डावीकडे वळवल्यावर आवाज उजव्या कानाकडे सरकला तर तो समोर आहे, डाव्या कानाकडे सरकला तर मागे. दोन सेकंदांनी वाजणाऱ्या पीपमध्ये ही तुलना तुटते. आता ती खोलीत कुठेही लपवलेला रेडिओ काढते.

गेल्या रविवारी मी तो कपाटाच्या वर ठेवला. ती कपाटापाशी बरोबर आली, खालचे कप्पे चाचपले आणि थांबली. वर-खाली समजायला दोन कानांमधला फरक कामी येत नाही, कारण दोन्ही कान एकाच उंचीवर असतात. थोडा वेळ ती नुसती उभी राहिली. मग तिने मान उजव्या खांद्यावर कलती केली, आणि डावा कान छताकडे झाला. कोणी शिकवलं नव्हतं. पुढच्याच क्षणी दोन्ही हात वर करून ती म्हणाली, "मामा, उचल मला."