चौकोनी पलटण कशी टिकायची आणि कशी फुटायची

ठासणीच्या बंदुकीच्या काळातली चित्रं बघितली की पहिला प्रश्न पडतो, ही माणसं मोकळ्या मैदानात खांद्याला खांदा लावून उभी का राहायची, सरळ मरायलाच ना? पण त्या बंदुकीचा हिशोब बघितला तर ते बरोबरच होतं. आत आटे नसलेली गुळगुळीत नळी, गोळी नळीपेक्षा थोडी लहान, म्हणजे ती आतून आपटत आपटत बाहेर पडणार आणि कुठंही जाणार. प्रशियन लोकांनी १०० फूट लांब कापड ताणून टेस्ट केली होती, ७५ यार्डांवरून साधारण ६० टक्के गोळ्या लागल्या, २२५ यार्डांवरून २५ टक्के. आणि हे शांत मैदानावर. लढाईत धूर, भीती, फुसके बार, तिथं आकडा फार खाली जायचा. म्हणून एकट्या शिपायाच्या नेमाला किंमत नव्हती, शेकडो नळ्या एकदम एका दिशेला झाडल्या तरच काहीतरी पडणार.

भरायचं कसं तर कागदी काडतूस दातांनी फाडायचं, चिमूटभर दारू रंजकाच्या कानात टाकून झाकण लावायचं, उरलेली दारू आणि गोळी तोंडाकडून नळीत, मग गजानं ठासायचं, घोडा चढवायचा. चांगला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. म्हणजे फैर झाडल्यावर वीसेक सेकंद हातात फक्त संगीन. म्हणूनच पलटणीचे प्लाटून म्हणजे छोटे गट पाडून ते पाळीपाळीनं फैर झाडायचे, कुठंतरी भरलेल्या बंदुका शिल्लक राहाव्यात म्हणून. ड्रिलचा मारा यासाठीच होता, पण खरं सांगायचं तर दोनचार फैरींनंतर हा क्रम बऱ्याचदा मोडायचा आणि ज्याची बंदूक भरली तो झाडायचा.

घोडदळ आलं की लांब ओळीचा धोका वेगळा, बाजूनं किंवा मागून घोडे घुसले की संपलं. त्यावर उपाय म्हणजे चौकोन. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक बाजू चार ओळींची, पुढच्या दोन ओळी गुडघ्यावर, बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवून संगीन घोड्याच्या छातीकडे तिरकी, मागच्या दोन ओळी उभ्या राहून गोळीबार करणार, मध्ये निशाण, अधिकारी आणि जखमी. पाठ अशी कुठं उरतच नाही. आणि घोडा संगिनींच्या भिंतीवर सहसा स्वतःहून जात नाही, अंगावर येऊन कडेनं वळतो, आणि वळताना बाजूच्या गोळीबारात सापडतो. आपल्याकडे महादजी शिंद्यांच्या नोकरीतल्या डी बॉयन या युरोपियन सेनानीनं तयार केलेल्या पलटणींनी १७९० मध्ये राजस्थानातल्या मेडत्याला राठोड घोडेस्वारांना असंच पोकळ चौकोन करून थोपवलं होतं.

सगळा खेळ फैर कधी झाडायची यावर होता, आणि मला यातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण वाटतं ते स्पेनमधलं गार्सिया हर्नांडेझचं, २३ जुलै १८१२, सालामांकाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी. माघार घेणाऱ्या फ्रेंचांची ७६ व्या रेजिमेंटची पलटण चौकोनात उभी होती आणि ब्रिटिशांच्या बाजूनं लढणारे जर्मन ड्रॅगून घोडेस्वार अंगावर गेले. लांबून झाडलेल्या फैरीत बरेच पडले, त्यांचा कॅप्टन फोन डेर डेकन प्राणघातक जखमी झाला, तरी बाकीचे थांबले नाहीत. पुढची फैर अगदी जवळून झाली आणि तिथंच घात झाला. मरत असलेला एक घोडा वेगातच संगिनींवर येऊन कोसळला, तडफडत त्यानं माणसं खाली दाबली, भिंतीला खिंड पडली आणि मागचे स्वार आत शिरले. फार लांबून झाडली तर फैर वाया जाते, फार जवळून झाडली तर मेलेला घोडासुद्धा अंगावर येतो. चौकोन फुटल्यावर शिपायांना काही करता येत नाही, बहुतेकांनी शस्त्रं टाकली, आणि हे बघून शेजारचा चौकोन पण डगमगला. त्या दिवशी हजारावर फ्रेंच कैद झाले.

चौकोन अर्धवट बनत असतानाही असाच फटका बसायचा. १६ जून १८१५ ला बेल्जियममधल्या कात्र ब्राला ब्रिटिशांची ६९ वी रेजिमेंट चौकोन पुरता होण्याआधी फ्रेंच चिलखती स्वारांना सापडली आणि तिचं एक निशाण गेलं.

दोनच दिवसांनी वॉटर्लूला फ्रेंच मार्शल नेनं हजारो स्वार पुन्हा पुन्हा सोडले, पण एकही ब्रिटिश चौकोन फुटला नाही. तिथं नेची चूक अशी की घोडदळाच्या मागोमाग पायदळ आणि तोफा वेळेत आल्या नाहीत. कारण चौकोनाची खरी दुखरी नस तोफ आहे, दाटीवाटीनं उभ्या माणसांत एक गोळा ओळीनं कितीतरी जण आडवे करतो, आणि घोडदळ आसपास असेपर्यंत पलटणीला पांगता येत नाही. संध्याकाळी रणांगणावरचा ला हे सँतचा वाडा फ्रेंचांच्या हाती गेल्यावर २७ व्या इनिस्किलिंग रेजिमेंटचं हेच झालं, तोफा आणि पुढं सरकलेले बंदूकवाले जवळून मारत राहिले आणि ७०० च्या आसपास माणसांतली ४५० हून जास्त मेली किंवा जखमी झाली, चौकोन मात्र त्यांनी मोडला नाही.