संग्राह्य कार्डांची साठवण : कोल्हापूरच्या हवेत

खेळाडूंची छायाचित्रे असलेली किंवा पोकेमॉनसारख्या खेळातली, जमवण्यासाठी आणि अदलाबदलीसाठी छापलेली कार्डे म्हणजे संग्राह्य कार्डे. त्यांचा नेहमीचा आकार ६३ × ८८ मिलिमीटर असतो आणि जाडी एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. कार्डाचा भाव ठरतो तो चार कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सरळपणा यांवर. कोल्हापुरात यांतला सरळपणा सगळ्यात आधी जातो. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेची सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर राहते, तर मार्चमधल्या दुपारी हीच हवा ओठ फुटतील इतकी कोरडी होते. कार्ड या दोन्ही टोकांना वाकते, पण उलटसुलट दिशांना.

आधी आवरणे. कार्ड प्रथम पातळ पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये घालतात. महागाच्या कार्डाला दोन स्लीव्ह लावण्याची पद्धत आहे : आतली अंगासरशी बसणारी, तोंड खाली, बाहेरची थोडी सैल, तोंड वर. त्यानंतर टॉपलोडर, म्हणजे वरून उघडे असलेले कडक पाकीट. ते बहुधा कडक पीव्हीसीचे असते, त्यामुळे कार्ड त्यात उघडे सरकवू नये. तसे केल्यास कडा घासतात आणि पृष्ठभागावर रेघा उमटतात. चुंबकाने मिटणारी ॲक्रिलिकची चौकट दिसायला देखणी, पण ती कार्डाच्या जाडीप्रमाणे घ्यावी लागते. नेहमीच्या कार्डाला ३५ पॉइंटची पुरते. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जाड चौकटीत पातळ कार्ड घातले की ते आत खुळखुळते आणि कोपरे बोथट होतात. जुन्या फोटो-अल्बममधले मऊ, चिकटसर, उग्र वासाचे प्लास्टिक मात्र पूर्ण वर्ज्य. त्याला मऊ करणारी द्रव्ये हळूहळू बाहेर पडून कार्डाच्या शाईला चिकटतात.

ही आवरणे ओरखडे आणि मुडप थांबवतात, दमटपणा थांबवत नाहीत. स्लीव्हचे तोंड उघडेच असते. टॉपलोडरमध्ये ठेवले म्हणजे कार्ड पावसाळ्यापासून वाचले, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे.

सर्वाधिक त्रास फॉइल, म्हणजे चमकत्या कार्डांना होतो. फॉइल कार्डात कागदावर धातूचा अतिपातळ थर असतो. कागद ओलावा पिऊन पसरतो, हा थर पसरत नाही. दमट हवेत मागची कागदाची बाजू लांबते आणि कार्डाच्या कडा चित्राच्या बाजूला उचलल्या जातात. काचेवर चित्र वर करून ठेवले तर ते होडीसारखे दिसते आणि कडेखाली नख सहज जाते. कोरड्या हवेत कागद आक्रसतो. मग तेच कार्ड मधोमध फुगते, पालथ्या वाटीसारखे. म्हणजे हवा कोणत्या बाजूला बिघडली आहे ते कार्डच सांगते. एकदोनदा वाकून सरळ झालेल्या कार्डाचे फारसे बिघडत नाही, पण वर्षानुवर्षे हेच चालले की कडेचे थर सुटू लागतात.

यावर उपाय म्हणून हवाबंद डबा वापरतात. भांड्यांच्या दुकानात मिळणारा, झाकणाला रबरी कडे आणि चार बाजूंना कड्या असलेला डबा पुरेसा असतो. चूक होते ती वेळेची. ऐन श्रावणात, बाहेर रिपरिप चालू असताना कार्डे डब्यात भरून झाकण लावले जाते आणि ओल आत कोंडली जाते. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पाच लिटरच्या डब्यातल्या दमट हवेत पाणी असते जेमतेम ०.१ ग्रॅम, म्हणजे दोन थेंब. पण २०० कार्डांचे वजन सुमारे ३६० ग्रॅम भरते. पावसाळी हवेत कागद वजनाच्या साधारण दहा टक्के पाणी धरतो, ४५-५० टक्के आर्द्रतेत सहा-सात टक्के. मधला फरक १० ते १४ ग्रॅम, म्हणजे दोन-तीन चहाचे चमचे पाणी. ओल कार्डांतच मुरलेली असते, हवेतली ओल तिच्यापुढे नगण्य.

तेवढे पाणी ओढायला सिलिका जेल किती लागेल? ४५ टक्क्यांच्या आसपास ते आपल्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढे पाणी धरते. म्हणून ५० ते ७० ग्रॅम. बुटांच्या खोक्यातून जपून ठेवलेली पुडी एकदोन ग्रॅमची असते, ती पहिल्याच दिवशी भरते आणि पुढे नुसती बसून राहते. डब्यात कच्चे तांदूळ घालण्याचा घरगुती उपाय तर सोडूनच द्यावा. आजरा घनसाळ असो की रेशनचा, तांदळात आधीच बारा टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. वर पीठ आणि किडे वेगळेच.

डब्यात एक छोटे आकडेदर्शक आर्द्रतामापक ठेवावे, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नये. त्याची परीक्षा मिठाने होते : बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याच्या काही थेंबांनी ते नुसते ओलसर करावे आणि मापकासह बंद पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ८० दिसले तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून पाच वजा करावेत. डब्यातला आकडा ४५ ते ५० मध्ये स्थिरावला की जास्तीचे जेल काढून घ्यावे. ते तसेच राहिले तर आकडा तिशीत जातो आणि होडीची वाटी होते. स्लीव्हमधल्या कार्डांतली ओल सावकाश निघते, दोनेक आठवडे धरून चालावे. इस्त्री, हेअर ड्रायर, ऊन यांनी घाई केली तर कार्ड उलटे वाकते. भरलेले नारिंगी जेल ओव्हनमध्ये १२० अंशांखाली दोन तास तापवले की पुन्हा कामाला येते. पुडीतले असेल तर आधी बाहेर काढावे.

ज्याला घाई नाही त्याने कार्डे दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत भरावीत. तेव्हा अर्धे काम हवाच करते. डबा बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नये. पेठांमधल्या जुन्या घरांत अशा भिंतीलगतचे कपाट आतून थंड आणि ओलसट राहते.

रंग उडण्याचे कारण निराळे आहे. छपाईतल्या चार शाईंपैकी पिवळी आणि किरमिजी आधी फिकी पडतात, निळी आणि काळी टिकतात. त्यामुळे उन्हाने मारलेले कार्ड निळसर दिसू लागते. अतिनील किरण रोखणारी चौकट हे लांबवते, टाळत नाही, कारण दिसणारा प्रकाशही शाई खातो. संग्रहालयांत नाजूक कागदावर ५० लक्सइतकाच प्रकाश ठेवतात. दिवसाला दहा तास धरले तर तो ५०० लक्स-तास होतो. खिडकीतून येणारे थेट ऊन ५०,००० लक्सचे असेल, तर त्याचा एक तास म्हणजे तसे १०० दिवस. शोकेस खिडकीसमोर असेल तर त्यात कार्डाची रंगीत प्रत लावावी आणि मूळ डब्यात ठेवावे.

कोल्हापुरात साठवणीची जागा ठरवताना पंचगंगाही मोजावी लागते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले होते. पूररेषेतल्या घरात डबा वरच्या मजल्यावर हवा. तरीही कार्डे भिजलीच तर ती ओली असतानाच स्लीव्हमधून काढावीत आणि गढूळ पाणी स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन टिपकागदावर एकेक सुटी पसरावीत. आत तशीच वाळली तर चकचकीत थर प्लास्टिकला चिकटतो आणि नंतर सोडवताना चित्र स्लीव्हवर राहते, हातात पांढरा कागद येतो.