सिंथेसायझरवर छेडलेला बेस कसा घडतो

गिटारची किंवा बेसची तार बोटाने छेडली की पहिल्या क्षणी येणारा आवाज धारदार असतो आणि पुढच्या अर्ध्या सेकंदात तो गोल, मऊ होत जातो. या काळात आवाज लहान होतो हे खरे, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्याचा पोतही बदलतो. तार एकाच वारंवारतेने कंप पावत नाही. तिच्यात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारतांची कंपनेही असतात आणि त्यांना हार्मॉनिक म्हणतात. तारेतील अंतर्गत घर्षण आणि हवेचा विरोध यांमुळे वरचे हार्मॉनिक लवकर विरतात, तर खालचे रेंगाळतात. आपला कान ‘छेडलेपण’ ओळखतो ते मुख्यतः या असमान विरण्यावरून. म्हणूनच सिंथेसायझरवर असा बेस बनवताना केवळ आवाजाची पातळी झपाट्याने खाली आणून भागत नाही. तसे केल्यास स्वर आखूड होतो, छेडलेला वाटत नाही. वरचे हार्मॉनिक आधी आणि खालचे नंतर काढून घेण्याचे काम फिल्टरला करावे लागते.

सुरुवात भरपूर हार्मॉनिक असलेल्या तरंगापासून करावी. सॉटूथ तरंग यासाठी उत्तम, कारण त्यात सर्व हार्मॉनिक असतात आणि त्यांची तीव्रता क्रमाने घटत जाते: दुसरा मूळ स्वराच्या निम्मा, तिसरा एक तृतीयांश, दहावा एक दशांश. आपण ५५ हर्ट्झचा ए हा स्वर घेऊ, म्हणजे हार्मॉनिक ११०, १६५, २२० हर्ट्झ असे वर जातील. हा तरंग लो-पास फिल्टरमधून जातो. हा फिल्टर कटऑफ या वारंवारतेच्या खालचे बरेचसे तसेच जाऊ देतो आणि वरचे उतरत्या क्रमाने दाबतो. प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबल घट देणारा फिल्टर बेससाठी सोयीचा, कारण त्याने शेवटची मऊ अवस्था खरोखर मऊ होते. १२ डेसिबलच्या फिल्टरमध्ये शेपटातही थोडी खरखर उरते, आणि कधीकधी तीच हवी असते.

आता कटऑफचा नॉब १२० हर्ट्झवर ठेवला, तर जवळजवळ मूळ स्वर आणि दुसरा हार्मॉनिक एवढेच ऐकू येतील. हा आपल्या स्वराचा शेवट आहे. सुरुवात ठरवतो तो दुसरा नॉब, म्हणजे फिल्टर एन्व्हलपची मात्रा. पट्टी दाबल्याबरोबर एन्व्हलप कटऑफला वर ढकलतो आणि मग सोडून देतो. मात्रा चार सप्तकांची ठेवली, तर कटऑफ १२० हर्ट्झवरून चार वेळा दुप्पट होऊन १९२० हर्ट्झवर पोहोचतो, म्हणजे पहिल्या क्षणी सुमारे पस्तीस हार्मॉनिक मोकळे होतात. नव्या माणसाची येथे हमखास गल्लत होते. आवाज पुरेसा धारदार नाही असे वाटले की तो कटऑफ वाढवतो, त्यामुळे सुरुवातीबरोबर शेवटही उजळ होतो आणि दोहोंतील फरक, जो छेडलेपणाचा गाभा आहे, तसाच राहतो. धार हवी असेल तर मात्रा वाढवावी. कटऑफला हात लावायचा तो फक्त शेपूट किती मऊ असावे हे ठरवताना.

एन्व्हलपचे चार भाग असतात: अटॅक म्हणजे वर चढण्याचा वेळ, डिके म्हणजे तेथून खाली घसरण्याचा वेळ, सस्टेन म्हणजे पट्टी दाबून ठेवली असताना टिकणारी पातळी आणि रिलीज म्हणजे पट्टी सोडल्यावर विरण्याचा वेळ. फिल्टरसाठी अटॅक शून्य आणि सस्टेनही शून्य ठेवावा. सस्टेन शून्य म्हणजे पट्टी दाबून ठेवली तरी कटऑफ पुन्हा १२० हर्ट्झवर येऊन थांबणार, जसे तारेवरून बोट उचलल्यावर तिला कोणी नव्याने ऊर्जा देत नाही. उरतो डिके, आणि हा पॅच, म्हणजे नॉबची ही सारी जुळणी, जमतो किंवा बिघडतो तो येथेच.

डिकेची घसरण सरळ रेषेत आहे की आधी वेगाने आणि नंतर मंदावत जाणारी आहे, याने मोठा फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे घातांकी घसरणीत, दर ६० मिलिसेकंदांनी एन्व्हलपचा सुमारे ३७ टक्के भाग उरतो असे धरले, तर आपल्या उदाहरणात ३० मिलिसेकंदांनी कटऑफ साधारण ६५० हर्ट्झवर असेल, ६० मिलिसेकंदांनी ३३० वर आणि १२० मिलिसेकंदांनी १७५ वर. हार्मॉनिकच्या भाषेत हे पस्तीसवरून अकरा, मग सहा, मग तीन असे झाले. लक्षात घ्या, ५५ हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तन १८ मिलिसेकंदांचे असते, म्हणजे दोन आवर्तने पुरी होण्याआधीच बहुतेक चमक निघून गेलेली असते. कानाला हे उतरणे म्हणून जाणवतच नाही, फक्त ‘टण्’ असा आघात जाणवतो. याउलट हीच चार सप्तके २४० मिलिसेकंदांत सरळ रेषेत उतरली, तर ६० मिलिसेकंदांनीही कटऑफ ९६० हर्ट्झवर असतो, आणि कानाला आघाताऐवजी ‘वाव’ अशी मिटत जाणाऱ्या तोंडासारखी हालचाल ऐकू येते. सिंथेसायझरमध्ये घसरणीचा आकार निवडण्याची सोय असेल तर घातांकी आकार निवडावा. नसेल तर डिके आखूड करावा. नॉबवर दिसणाऱ्या आकड्यावर फार विसंबू नये, कारण काही वाद्यांत तो घसरण जवळजवळ संपेपर्यंतचा वेळ असतो आणि काहींत तिचा एक ठराविक टप्पा. ‘वाव’ ऐकू आला तर डिके लांब आहे. नुसता ‘टक्’ येऊन त्यामागे मुका स्वर उरला तर तो आखूड आहे. या दोहोंच्या मधली जागा कानानेच शोधावी लागते.

रेझोनन्सचे काम कटऑफच्या आसपासच्या अरुंद पट्ट्याला उठाव देण्याचे. कटऑफ खाली घसरत असताना हे शिखर एकेका हार्मॉनिकवरून जाते आणि त्याला क्षणभर उजळवते, म्हणून थोड्या रेझोनन्सने आघाताला नखाचा स्पर्श येतो. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. रॉबर्ट मूग यांच्या सिंथेसायझरमुळे प्रसिद्ध झालेल्या लॅडर फिल्टरमध्ये रेझोनन्स निर्माण होतो तो फिल्टरचा आवाज उलटा करून पुन्हा आत सोडल्यामुळे, आणि त्यातून कटऑफच्या खालचा भाग आपोआप दबतो. फिल्टर स्वतःहून शिट्टी घालू लागेल त्या मर्यादेच्या निम्म्यावर रेझोनन्स नेला, तर खोल वारंवारता मूळच्या एक तृतीयांश उरतात. बेसमधून बेसच गेला, असे होते. अनेक वाद्यांत याची भरपाई केलेली असते, पण ती नसेल तर दुसरा ऑसिलेटर, म्हणजे तरंग निर्माण करणारा भाग, साइन तरंगावर ठेवून शक्य असल्यास फिल्टरला वळसा देऊन थेट पुढे न्यावा.

रेझोनन्सचा दुसरा त्रास अधिक फसवा आहे, कारण तो एकच स्वर वाजवून पाहताना कळत नाही. एन्व्हलप उतरल्यावर शिखर १२० हर्ट्झपाशी येऊन थांबते. ए स्वराचा ११० हर्ट्झचा दुसरा हार्मॉनिक त्याच्या जवळ असल्यामुळे वरच्या सप्तकातला ए थोडा पुढे येतो आणि कानाला ते खटकत नाही. पण खालचा ई वाजवा. त्याचा मूळ स्वर ४१.२ हर्ट्झचा आणि तिसरा हार्मॉनिक १२३.६ हर्ट्झचा, म्हणजे जवळपास थेट शिखराखाली. तिसरा हार्मॉनिक हा बी स्वर असतो, त्यामुळे ई वाजत असताना मागून बी डोकावतो. ७३.४ हर्ट्झच्या डी स्वरावर मात्र शिखराखाली कोणताच हार्मॉनिक येत नाही आणि तो स्वर शेजारच्यांपेक्षा पोकळ वाटतो. एकेक स्वर असा वेगवेगळ्या वजनाचा ऐकू आला की दोष पातळीतले चढउतार कमी करणाऱ्या कम्प्रेसरने झाकण्याचा मोह होतो, पण मूळ फिल्टरमध्ये असते.

यावर उपाय की-ट्रॅकिंगचा. हा नॉब पूर्ण केला की पट्टीबरोबर कटऑफही वरखाली होतो आणि शिखराचे मूळ स्वराशी असलेले गुणोत्तर कायम राहते. आपल्या पॅचमध्ये ते सुमारे २.२ आहे, त्यामुळे खालच्या ई स्वरासाठी कटऑफ ९० हर्ट्झच्या आसपास येईल आणि तेथेही दुसराच हार्मॉनिक उजळेल. रेझोनन्स कमी असेल तर निम्मे ट्रॅकिंगही पुरते, आणि बरेचदा तेच चांगले वाटते, कारण पूर्ण ट्रॅकिंगमध्ये वरचे स्वर जरा जास्तच टोचतात. माझ्या मते अशा बेसला रेझोनन्स नॉबच्या पाव भागापुढे क्वचितच लागतो. तयार पॅचमध्ये तो पुष्कळदा भडक ठेवलेला असतो, कारण एकट्याने ऐकताना तो लक्ष वेधतो. ड्रम आणि इतर वाद्ये सुरू झाली की तोच आडवा येतो.

आवाजाच्या पातळीचा एन्व्हलप वेगळा असतो आणि त्याचा डिके फिल्टरपेक्षा लांब हवा, साधारण पाऊण सेकंद. तो फिल्टरइतकाच आखूड ठेवला तर फिल्टरने मागे ठेवलेला मऊ स्वर ऐकूच येत नाही. त्याचा अटॅक एक-दोन मिलिसेकंदांचा ठेवावा, कारण शून्यावर तरंग मध्येच सुरू होऊन प्रत्येक स्वराच्या तोंडाशी कमीअधिक कडकट ऐकू येते. पट्टी सोडल्यावरचा रिलीज साठ-सत्तर मिलिसेकंदांचा पुरतो. फिल्टरचा रिलीज मात्र त्याच्या डिकेइतकाच ठेवावा. तो लांब असेल तर पट्टी लवकर सोडताच फिल्टरची घसरण मंदावते आणि आखूड स्वर लांब स्वरांपेक्षा उजळ ऐकू येतात.

पट्टी किती जोरात दाबली याचा परिणाम पातळीपेक्षा फिल्टर एन्व्हलपच्या मात्रेवर सोडावा. हलक्या हाताने दोन सप्तके आणि जोराने चार, असे अंतर ठेवले तर जोरात छेडलेली तार केवळ मोठी नव्हे तर अधिक धारदारही वाजते, हा तारेचा गुण आपोआप येतो.

हे सारे जुळवूनही पहिलाच स्वर छेडलेला आणि पुढचे दबलेले ऐकू आले, तर नॉब फिरवत बसू नये. एका वेळी एकच स्वर वाजवणाऱ्या मोनो पद्धतीत लेगाटो सुरू असेल, तर आधीची पट्टी सुटण्यापूर्वी दुसरी दाबल्यास एन्व्हलप नव्याने सुरू होत नाही. कटऑफ आधीच १२० हर्ट्झवर उतरलेला असतो आणि दुसरा स्वर तेथूनच वाजतो. १९७०च्या मिनिमूगची रचनाही अशीच आहे, त्यामुळे तिच्यावर प्रत्येक स्वराला आघात हवा असेल तर बोटे पूर्ण उचलून वाजवावे लागते. नव्या वाद्यांत रीट्रिगर हा पर्याय मिळतो. तो सुरू केला की स्वर एकमेकांवर चढले तरी प्रत्येकाची धार टिकते, आणि मुद्दाम एखादा स्वर घसरवून मऊ जोडायचा असेल तर तो बंद करून पट्ट्या एकमेकांत गुंतवता येतात.